चालत्या टपरीची पगडी किती?

मुधोळचा एक ओळखीचा मुलगा परवा घरी आला. निर्मलच्या बसस्टँडजवळ भाड्याच्या गाळ्यातलं एक चहाचं दुकान विकायला निघालंय. मालक दोन लाख मागतोय. ‘‘काका, चालतं दुकान घेऊ, की तेवढ्याच पैशात स्वतःचं नवं टाकू?’’ असा त्याचा प्रश्न. असे प्रश्न आमच्याकडे होळीच्या आसपास वाढतात, कारण थंडी सरत आली की चहाची दुकानं विकायला निघतात. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आमच्या आदिलाबादच्या पट्ट्यात पडते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचा गल्ला दाखवून दुकान विकणं सोपं जातं. घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र पहिल्यांदा मे महिना येतो.

मी त्याला म्हटलं, आधी दोन लाखांची फोड कर. शेगडी, काउंटर, फ्रीज, पातेली हे सगळं जुन्या बाजारात विकलं तर 45 हजार येतील. गाळेमालकाकडे 30 हजार डिपॉझिट आहे, ते तुझ्या नावावर होईल. उरले सव्वा लाख. हे सव्वा लाख गिऱ्हाइकाचे, म्हणजे पगडीचे. खरा सौदा एवढ्या रकमेचाच आहे, आणि ती द्यावी की नाही हे मोजून ठरवता येतं.

मालक सांगतो, रोज 400 कप जातात. त्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नये आणि गल्ल्याच्या वहीवरही जाऊ नये. दूध मोजावं. एक लिटर दुधात अर्धा लिटर पाणी घातलं, तर उकळून आटल्यावर 70 मिलीचे साधारण 20 कप निघतात. 400 कप खरे असतील तर रोज 20 लिटर दूध लागायला हवं. दूध घालणाऱ्याची वही विक्रेत्याच्या हातात नसते, म्हणून ती बघायची. मुलाने बघितली तर सरासरी 13 लिटर निघालं, म्हणजे 260 कप. गॅसच्या टाक्यांच्या पावत्यांवरूनही हाच ताळा जमतो. शिवाय आठवडी बाजाराचा, रविवारचा आणि एखादा ढिला, असे वेगवेगळे दिवस सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत समोर बसून कप मोजावेत. सौदा ठरतोय म्हटल्यावर त्या आठवड्यात मालकाचे मित्र चार-चार चहा पिऊन जातात, म्हणून मालकाला न सांगता मोजावं.

आता हिशेब. कप दहा रुपयाला जातो. दूध, साखर, पत्ती, गॅस आणि कागदी कप मिळून पाच रुपये जातात, पाच उरतात. भाडं आणि मदतनिसाची मजुरी रोज सहाशे. 260 कपांवर दिवसाला 700 रुपये हातात राहतात, महिन्याचे 26 दिवस धरले तर 18,200.

हेच दुकान नव्याने टाकलं तर? सामान आणि डिपॉझिट तेवढंच लागेल. फरक एवढाच, की पहिले सहा महिने गिऱ्हाईक सवयीचं होत नाही. पहिल्या महिन्यात रोज 80 कप गेले आणि सहाव्यापर्यंत सारखी वाढ होत 260 वर पोचलं, असं धरू. सरासरी 170 कप पडते, हातात रोज 250 राहतात, महिन्याला 6,500. चालत्या दुकानापेक्षा महिन्याला 11,700 कमी, म्हणजे सहा महिन्यांत सुमारे 70 हजार. चालतं दुकान घेतल्याने एवढंच नुकसान वाचतं, म्हणून पगडीची कमाल मर्यादाही तेवढीच. मौजेची गोष्ट म्हणजे 400 कप खरे असते, तर याच रीतीने हिशेब सव्वा लाखावर आला असता. मालकाने आकडा बरोबर मांडला होता, पण दूध नसलेल्या कपांचा.

यात एक अट आहे. ही 70 हजारांची किंमत गिऱ्हाईक टिकलं तरच. गिऱ्हाईक जागेसाठी येतं की माणसासाठी, हे आधी ओळखावं लागतं. बसस्टँडसमोरचा प्रवासी जागेला बांधलेला असतो, चहा कोण करतो हे तो बघत नाही. शेजारच्या दुकानांतले नोकर मात्र मालकाच्या बोलण्याला आणि उधारीच्या वहीला बांधलेले असतात. ती वही उघडून बघावी आणि जुनी उधारी कोणाची, हे कागदावर स्पष्ट लिहून घ्यावं. गाळेमालकाची लेखी संमती मिळाल्याशिवाय तर विसाराचा रुपयाही देऊ नये, कारण जागाच उद्या गेली तर पगडी कशाची?

रस्त्याकडेच्या बंडीचा प्रश्न आणखी अवघड आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रीचं प्रमाणपत्र आणि त्यावरची जागा दुसऱ्याला देता येत नाही, भाड्यानेही नाही. प्रमाणपत्रवाला वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तरच त्याच्या जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला त्याच्या जागी विक्री करता येते, तीही प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत. म्हणून कोणी ‘‘जागेसकट बंडी देतो’’ म्हणाला, तर तो आपल्या हातात नसलेली वस्तू विकतोय. अशा बंडीला लोखंडाच्या आणि भांड्यांच्या किमतीपलीकडे पैसा देऊ नये. तिथे स्वतःच्या नावाने अर्ज करून नव्याने सुरुवात करणंच बरं.

ट्यूशन क्लासचं तर सगळंच माणसावर असतं. गणिताचे सर गेले की मुलं त्यांच्यामागे जातात, फळा आणि बाकं तेवढी उरतात. चालता क्लास घ्यायचाच असेल, तर एप्रिलमध्ये एकरकमी पैसे मोजू नयेत. शाळा जूनमध्ये उघडतात, आणि आधीची किती मुलं परत आली हे जुलैत कळतं. थोडी रक्कम आधी द्यावी, बाकीची परत आलेल्या मुलांच्या संख्येवर बांधून हप्त्याने द्यावी. सरांनी वर्षाची फी आगाऊ घेतली आहे का, तेही विचारावं. घेतली असेल तर शिकवणं तुमच्याकडे येतं आणि पैसे त्यांच्याकडे राहतात.

कागद करताना एक वाक्य विसरू नये. 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे ‘‘हा धंदा पुन्हा करणार नाही’’ असा करार एरवी रद्दबातल ठरतो, पण धंद्याची पत विकली असेल तर ठरावीक परिसरापुरता तो करता येतो, परिसर वाजवी हवा. म्हणून पैसा सामानाचा किती आणि पतीचा किती हे वेगळं लिहावं, आणि विक्रेता निर्मल शहरात तोच क्लास किंवा तेच दुकान काढणार नाही, असं स्पष्ट मांडावं. नुसतं ‘‘सामान विकलं’’ लिहिलं, तर पुढच्याच गल्लीत त्यांचा नवा फळा लागला तरी बोलायला जागा राहत नाही. अन्नाच्या धंद्याची नोंदणी आणि पैसे घ्यायचा क्यूआर पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर हवा.

त्या मुलाला मी सांगितलं, सामान आणि डिपॉझिटचे 75 हजार अधिक पगडीचे 70 हजार, म्हणजे एक लाख 45 हजारांवर एक रुपयाही चढू नकोस, आणि मे महिना डोळ्यांपुढे ठेवून बोलणी साठ हजारांच्या पगडीपासून सुरू कर. मालक उतरला नाही तर नवं टाक. चालतं दुकान घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगणं आहे: मालक गेल्यावर जे मागे राहील, तेवढ्याचेच पैसे द्या.