खळ्यावरची रास दोरीने मोजा, नजरेने नको



भात झोडून, वारवून झालं की खळ्यावर रास पडते. त्याच दिवशी व्यापारी येतो, राशीभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "दहा पोती होतील." पोती त्याची, काटा त्याचा, आकडाही त्याचाच. आपण म्हणतो, "जास्त वाटतंय, शेठ." तो म्हणतो, "वाटून काय होतं?" त्याचं हे एक बोलणं मात्र खरं आहे. वाटून काहीच होत नाही, आकडा लागतो. तो आकडा एक दोरी आणि एक काठी घेऊन आपल्यालाच काढता येतो. आमचं म्हणणं असं की, दोरी लावल्याशिवाय एकही रास खळ्यावरून हलू द्यायची नाही.

मोजायच्या गोष्टी दोनच. राशीचा घेर आणि राशीची उंची.

घेर म्हणजे रास जमिनीला टेकते तिथला गोल. आधी कडेचं विखुरलेलं धान्य केरसुणीने राशीला लावून घ्यायचं. मग सुतळी जमिनीलगत फिरवायची. सुतळी दाण्यात रुतू द्यायची नाही आणि बाहेर ढिलीही सोडायची नाही. जिथे टोकं मिळतात तिथे गाठ मारायची आणि मग फुटाने मोजायची.

उंची मोजताना राशीच्या उतारावरून माप घ्यायचं नाही. उतार नेहमी उंचीपेक्षा लांब असतो. ३ फूट उंच राशीचा उतार ५ फुटांच्या वर भरतो. असं चुकीचं माप सांगितलं तर समोरचा आपला सगळाच हिशेब खोटा ठरवील. बरोबर रीत अशी: बारीक सरळ काठी शेंड्यातून उभी खाली घालायची, जमिनीला टेकली की शेंड्याच्या पातळीवर बोटाने धरायची आणि बाहेर काढून मोजायची.

आता हिशेब. घेराला ६ ने भागायचं. जो आकडा येईल त्याला त्याच आकड्याने गुणायचं. मग उंचीने गुणायचं. जेवढं येईल त्यातला विसावा भाग कमी करायचा. उरले ते राशीचे घनफूट. एक घनफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा खोक्यात मावेल तेवढं धान्य.

हा ६ कुठून आला, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर कोणीही आपल्याला गप्प करील. रास म्हणजे टोकदार टोपीचा आकार. तेवढ्याच तोंडाचा आणि तेवढ्याच उंचीचा सरळ डबा घेतला तर त्यात अशा तीन टोप्या धान्य मावतं. कागदाची टोपी करून, डब्यात तीनदा ओतून कोणीही पाहू शकतं. म्हणून रास ही डब्याचा तिसरा भाग. डब्याच्या गोल तळाचं माप घेरावरून निघतं: घेर गुणिले घेर, भागिले साडेबारा. त्याचा तिसरा भाग घ्यायचा म्हणजे साडेबाराच्या तिप्पटीने, साधारण पावणेअडतीसने, भागायचं. हे तोंडी जमत नाही. म्हणून जुन्या लोकांनी पावणेअडतीसच्या जागी ३६ धरले, कारण ३६ म्हणजे सहा सक. त्यामुळे उत्तर थोडं जास्त येतं, बाविसात एक इतकं. आपण विसावा भाग काढतो, म्हणजे आपला आकडा खऱ्याहून किंचित कमीच राहतो. भांडणात तेच बरं. आपण वाढवून सांगितलं असं कोणी म्हणू शकत नाही.

हा नियम शहरातून आणलेला नाही. ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावतीत धान्याच्या राशीचं वेगळं प्रकरण लिहिलं, त्यात घेराच्या सहाव्या भागाची हीच रीत आहे. हे तेच भास्कराचार्य, ज्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे आठशे वर्षांहून जास्त काळ ही विद्या पोथीत आहे, पण खळ्यावर मात्र व्यापाऱ्याची नजर चालते.

एक रास घेऊन पाहू. घेर २७ फूट, उंची ३ फूट. २७ ला ६ ने भागले, साडेचार आले. साडेचार गुणिले साडेचार, सव्वावीस. सव्वावीस गुणिले ३, पावणेएकसष्ट. त्याचा विसावा भाग साधारण ३. तो काढला, पावणेअठ्ठावन्न घनफूट राहिले.

आता घनफुटाचे किलो. साफ वाळलेलं भात एका घनफुटात साधारण १६ किलो बसतं. पण हा आकडा आमच्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. गावातल्या सुताराकडून आतून बरोबर एक फूट मापाचं फळ्यांचं खोकं करून घ्या. आपलंच भात त्यात न दाबता भरा, वरून फळीने सपाट करा आणि वजन करा. जातीप्रमाणे किलो-अर्धा किलो फरक पडेल. भात ओलं असेल तर वजन जास्त भरेल, फोल राहिलं असेल तर कमी. म्हणून दर हंगामात, ज्या राशीचा वाद आहे त्याच राशीचं खोकं भरायचं.

आपल्या राशीचं खोकं १६ किलो भरलं असं धरू. पावणेअठ्ठावन्न गुणिले १६, ९२४ किलो. पोतं ७५ किलोचं ठरलं असेल तर १२ पोती आणि वर २४ किलो. नजरेने दहा पोती म्हणणारा त्या राशीतून दोन पोती आणि २४ किलो फुकट नेतो. एका घराचं कित्येक आठवड्यांचं खाणं तेवढ्यात जातं.

संघटनेतले काही साथी म्हणतात, दोरीची भानगड कशाला, वजनकाट्याचाच आग्रह धरावा. काट्याचा आग्रह धरायचाच आहे. पण काटा कोणाच्या हातात आहे? तोच काटा खरा की खोटा, हे दोरीने कळतं. वरच्याच राशीची व्यापाऱ्याने काट्यावर तोलून ११ पोती भरली आणि रास संपली, तर ९२४ ला ११ ने भागा. एका पोत्यात ८४ किलो गेले. पैसे मात्र ७५ चे मिळाले. दोरी नसती तर "११ पोती भरली, तुमच्या डोळ्यांसमोर भरली" या बोलण्यावर आपल्याकडे उत्तर नव्हतं. पोतं हे माप नाही, ते दाबून भरता येतं. रास दाबता येत नाही.

मोजण्यात चूक कुठे होते तेही सांगतो. घेर दोनदा गुणला जातो, म्हणून घेरातली चूक दुप्पट होऊन येते. २७ च्या जागी कोणी २५ फूट लिहिले तर हिशेब ७९२ किलोवर येतो. दोन फुटांत १३२ किलो गेले. म्हणून घेर दोन वेगळ्या माणसांनी मोजावा आणि दोघांचा एक आला तरच लिहावा.

माप खरं आहे की नाही हे तपासायला आणखी एक खूण आहे. मोकळं ओतलेलं धान्य आपल्या मनाप्रमाणे उभं राहत नाही, घसरून ठरलेल्या उतारावर थांबतं. लीलावतीत हेही दिलं आहे: कुसळाच्या धान्याची उंची घेराच्या नवव्या भागाएवढी, टपोऱ्या दाण्याची दहाव्या, बारीक दाण्याची अकराव्या. आपलं भात पहिल्यात, हरभरा दुसऱ्यात, आणि आमच्या मते नागली-वरई तिसऱ्यात. २७ चा नववा भाग ३, म्हणजे वरची रास बरोबर. बोटभर इकडेतिकडे चालतं. पण २७ घेराच्या भाताची उंची अडीच फूटच भरली, तर शेंडा कोणी तुडवला आहे किंवा वरून धान्य काढलं आहे असं समजावं. बसक्या शेंड्याच्या राशीला हा हिशेब लावला तर धान्य कमी दिसतं आणि नुकसान आपलंच होतं. अशी रास फावड्याने पुन्हा वर ओतून घ्यावी आणि मग मोजावी. लांबट पडलेली रास किंवा तिवड्याच्या खड्ड्यावर पडलेली रास तशीच मोजू नये, सपाट जागी गोल करून घ्यावी.

रास घरात भिंतीला टेकून असेल तर ती अर्धीच टोपी असते. दोरी भिंतीपासून भिंतीपर्यंत लावायची, माप दुप्पट करायचं, हिशेब करायचा आणि शेवटी अर्धा घ्यायचा. दोरी ९ फूट, उंची २ फूट असेल तर घेर १८ धरा. ६ ने भागून ३, तीन त्रिक ९, गुणिले २, आले १८. विसावा भाग काढून साधारण १७, त्याचे अर्धे साडेआठ घनफूट, म्हणजे १३६ किलो. कोपऱ्यातल्या राशीला दुपटीच्या जागी चौपट करायची आणि शेवटी चौथा भाग घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जंगलातल्या प्लॉटवरचं पीक जप्त होतं तेव्हा पंचनाम्यात लिहिलं जातं, "अंदाजे पाच पोती भात." पुढे केस चालते, धान्य परत द्यायची वेळ येते आणि कागदावर पाचच पोती असतात. ती किती किलोची, कोणी भरली, काही लिहिलेलं नसतं. "अंदाजे" या शब्दावर आपण अंगठा उठवतो आणि तिथेच हरतो. यापुढे आपली मागणी अशी असावी की, पंचनाम्यात पोत्यांचा अंदाज नको, राशीचा घेर इतके फूट आणि उंची इतके फूट असं लिहा, मगच सही मिळेल. हे दोन आकडे कागदावर असले की धान्य हलवल्यानंतरही, वर्षाने का होईना, किती होतं ते काढता येतं. लिहायला नकार दिला तर गावच्या पाच माणसांनी तिथेच मोजून, वहीत लिहून, तारीख घालून सह्या-अंगठे करावेत. त्या जमिनीवर कोण कसतो आणि किती पिकवतो याचाही तो एक कागद होतो.

हा हिशेब किलोकिलोचा नाही. नीट मोजलं तरी बारा पोत्यांत अर्धं-पाऊण पोतं मागेपुढे होऊ शकतं. तेवढ्यावर भांडू नये. पण दोन पोत्यांचा फरक दिसला तर तो मोजण्यातला फरक नाही, ती लूट आहे.

प्रत्येक पाड्याने एक सुतळी, दर फुटाला गाठ मारलेली, आणि एक फुटाचं खोकं या हंगामाआधी करून ठेवावं. शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना सहाचा हिशेब शिकवावा. मोजलेल्या राशींची वही पुढच्या बैठकीला घेऊन या.