खोकल्याच्या बाटलीआधी श्वास मोजा

कराड-वाळव्याकडच्या फडावरच्या कोपीत असो, पाटण-शिराळ्याच्या डोंगरातल्या वाडीत असो की सांगलीच्या फ्लॅटमध्ये, लेकरू तापलं आणि रात्रभर खोकलं की घरात एकच घाई होते: औषध आणा. माझी विनंती आहे, त्याआधी मुलाचा सदरा वर करा आणि श्वास मोजा.

मूल शांत असताना, झोपेत किंवा आईच्या मांडीवर, पोट किती वेळा वर येतं ते मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका, आकडा फसवा येतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त आले, तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या कार्यकर्त्यांना असाच श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आणि तिथले बालमृत्यू कमी झाले. स्टेथोस्कोप लागला नाही. जे त्या गावांतल्या माणसांना जमलं ते आपल्याला का जमणार नाही?

श्वास ठीक असेल, मूल पीत असेल, ताप उतरल्यावर खेळत असेल, तर बहुतेक वेळा तो साधा सर्दी-खोकला असतो. ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. अशा वेळी घरी खरं काम पाण्याचं आणि विश्रांतीचं. तापात आणि जोरजोरात श्वास घेताना अंगातलं पाणी जातं, आणि पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो. पेलाभर पाणी एकदम पाजलंत तर खोकल्याच्या उबळीबरोबर ते उलटून पडेल. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या: कोमट पाणी, मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध, पण नेहमीपेक्षा जास्त वेळा. पाणी पुरतंय का ते लघवी सांगते. सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा ती गडद पिवळी दिसली, तर कमी पडतंय.

जेवणाची बळजबरी नको, पण उपाशीही ठेवू नका. घाम यावा म्हणून गोधडीत गुंडाळणं थांबवा, त्यानं ताप वाढतो. सुती पातळ कपडे घाला. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, हुडहुडी भरते. चुलीच्या धुरापासून लांब, हवेशीर जागी झोपवा. बालवाडीला दोन दिवस खाडा झाला तर होऊ द्या.

तापाला पॅरासिटामॉल पुरतं, पण इथेच मोठी चूक होते. बाटलीवर ताकद वेगवेगळी असते: कुठे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, कुठे २५०. बाळांचे थेंब तर याहून तीव्र असतात. डोस वजनावर ठरतो, किलोला सुमारे १५ मिलिग्रॅम. समजा तीन वर्षांची मुलगी १२ किलोची आहे. तिला १८० मिलिग्रॅम लागेल. १२० च्या बाटलीतून ते साडेसात मिली होतं, २५० च्या बाटलीतून सुमारे साडेतीन. आत्याच्या घरची २५० ची बाटली हाती आली आणि 'मागच्या वेळी साडेसात दिलं होतं' म्हणून तेवढंच दिलं, तर डोस दुप्पट झाला, आणि तसाच दिवसभर चालला तर यकृतावर बेततं. म्हणून आकडा वाचा, बाटलीसोबतच्या मापानेच द्या, दोन डोसांत सहा तास ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टर.

खोकल्याचं सिरप दोन वर्षांच्या आत अजिबात नको, पाचपर्यंतही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध खोकल्याला आराम देतो. वर्षाच्या आत मध देऊ नका, त्यातल्या जिवाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ॲन्टिबायोटिकची उरलेली बाटली पुन्हा उघडू नका.

आता थांबायचंच नाही अशा खुणा सांगते: श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळसर होणं, झटका येणं, पाणी किंवा दूध न पिणं, प्यायलेलं सगळं उलटून पडणं, हाक मारूनही मुलानं डोळे न उघडणं. ताप तीन दिवसांपुढे गेला तरी दाखवाच. रात्र असेल तर १०८ ला फोन करा, आशाताईंना उठवा. सोबत औषधाची बाटली घ्या, आणि कोणत्या वेळी किती मिली दिलं आणि श्वास किती मोजले ते एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.