उताऱ्याची रुजवात

जमिनीच्या कागदाची सरकारी नक्कल ज्यानें कधीं कचेरींतून आणली असेल, त्याला त्या कागदाच्या पायथ्याशीं दोन सह्या पाहिल्याचें आठवेल. एक नक्कल करणाराची व दुसरी रुजवात घेणाराची. रुजवात घेणें म्हणजे मूळ दप्तर एकानें व नक्कल दुसऱ्यानें हातीं धरून शब्दाला शब्द आणि आंकड्याला आंकडा लावून पाहणें. ही दुसरी सही नसेल तर आमचा शेतकरी तो कागद घेऊन कोर्टाची पायरी चढणार नाहीं. गुंठ्याच्या जागीं एकर पडला तर काय होतें, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

परंतु जमिनीच्या उताऱ्याला लावलेला हा न्याय आपण ग्रंथाच्या उताऱ्याला लावीत नाहीं. निबंधांत अवतरणचिन्हें घालून थोरांचीं वाक्यें देतों, तीं पाठ आहेत म्हणून देतों, आणि प्रुफें तपासतांना त्यांवरून नजर सहज पुढें सरकते. आमचें म्हणणें असें कीं, निबंधाचीं प्रुफें तपासतांना सर्वांत आधीं हेच उतारे मूळ ग्रंथाशीं अक्षरशः ताडले पाहिजेत. आपल्या वाक्यांत चूक राहिली तर ती आपली चूक. दुसऱ्याच्या वाक्यांत आपण चूक घातली तर ती त्याच्या नांवावर चढते, आणि तो उठून उत्तर द्यायला येत नाहीं.

मागें एका सुताराच्या मुलानें आमच्याकडे एक निबंध आणला. विषय शेतकऱ्याच्या कर्जाचा होता. मुलगा हुशार, लिहिणें तळमळीचें. निबंधाच्या तोंडींच त्यानें जोतीराव फुले यांचें तें सर्वतोमुखीं झालेलें वचन घातलें होतें, ज्यांत विद्या गेल्यापासून एकामागून एक काय काय जातें याची सांखळी आहे. खालीं 'गुलामगिरी' असें ग्रंथाचें नांव दिलें होतें.

आम्ही 'गुलामगिरी' काढली. वचन तींत सांपडलें नाहीं. सांपडणारही नव्हतें, कारण 'गुलामगिरी' १८७३ सालची आहे आणि हें वचन १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या उपोद्घाताच्या आरंभीं आहे. ग्रंथाचें नांव चुकलें ही लहान गोष्ट वाटेल, पण तिनेंच आम्हांस सावध केलें. ज्यानें नांव आठवणीनें लिहिलें, त्यानें शब्दही आठवणीनेंच लिहिले असणार.

पुस्तक व प्रूफ शेजारीं मांडून आम्ही आधीं दोन्हींकडचे शब्द मोजले. प्रुफांत कमी भरले. मूळांतील सांखळी अशी आहे: विद्या नाहीं म्हणून मति जाते, मतीवांचून नीति, नीतीवांचून गति, गतीवांचून वित्त, वित्तावांचून शूद्र खचतात, आणि शेवटीं हे सारे अनर्थ एकट्या अविद्येचे, असा निवाडा. (हा अर्थ आमच्या शब्दांत आहे, म्हणून येथें अवतरणचिन्हें नाहींत.) मुलाच्या निबंधांत 'गति' ही कडीच नव्हती. नीतीवरून एकदम वित्तावर उडी होती.

अशी चूक कां होते तें सांगतों. या वचनांत एकच क्रियापद एकामागून एक कड्यांच्या शेवटीं येतें. नकलणाराचा डोळा कागदावरून वहीकडे जातो व परत येतो, तेव्हां ज्या शब्दावर तो सुटला त्याच शब्दावर परत बसूं पाहतो. तोच शब्द दोन बोटें पुढें पुन्हा आलेला असला तर डोळा तिकडे बसतो आणि मधली कडी गळते. पूर्वीं पोथ्या नकलणारांचें असेंच होई, खिळे जुळविणारांचेंही होई, आणि आज संगणकावर अक्षरें जुळविणारांचेंही होतें. पाठ म्हणणाराची जीभही याच ठिकाणीं घसरते.

कडी गळली एवढ्यावर भागलें असतें तर चूक दिसली असती. कारण या वचनांत एक कडी ज्या शब्दावर संपते, त्याच शब्दानें पुढची सुरू होते. मधली गळली कीं जोड उघडा पडतो. पण मनुष्याचें मन सुतारासारखें आहे, फट दिसली कीं पाचर ठोकतें. मुलाच्या मनानें वित्ताची कडी परस्पर नीतीला जोडून टाकली. वाक्य सुरेख बसलें. वाचणाराला संशय येण्याजोगें कांहीं उरलें नाहीं.

आतां अर्थ काय झाला तो पहा. मूळांत नीति आणि वित्त यांच्यामध्यें गति आहे. शेतकऱ्याची पुढें जाण्याची वाट खुंटते व मग धन जातें. ती कडी काढली कीं वचन म्हणूं लागतें, गरिबाला नीति नाहीं म्हणून त्याच्याजवळ पैसा नाहीं. हें तर कर्ज देणाऱ्या सावकाराचें म्हणणें आहे! सावकाराविरुद्ध लिहिलेल्या निबंधांत, जोतीरावांच्या नांवानें, सावकाराचें वाक्य छापलें जाणार होतें. लिहिणारा प्रामाणिक होता, तपासणारा निजला असता तर तें छापलें गेलेंच असतें.

दुसरा फरक एका शब्दाचा होता. 'शूद्र' या जागीं मुलानें 'सारे' असें लिहिलें होतें. विचारलें तेव्हां म्हणाला, "दादा, तो शब्द आतां कानाला बरा लागत नाहीं." त्याचें मन आम्हांस समजतें. पण कोण खचलें हें सांगण्यासाठींच तें वाक्य रचलें आहे. सारे खचले म्हटलें कीं खचविणाराही त्या साऱ्यांतच जाऊन बसतो. शब्द पसंत नसेल तर उताऱ्याच्या खालीं आपलें मत लिहावें. उताऱ्याच्या आंत हात घालूं नये.

तिसरा फरक वेगळ्या जातीचा. मूळांत 'मति', 'नीति', 'गति' ऱ्हस्व आहेत; प्रुफांत तीं 'मती', 'नीती', 'गती' अशीं दीर्घ झालीं होतीं. हें मुलाचें काम नव्हे, आजच्या शुद्धलेखनाच्या नियमांचें. सरकारनें १९६२ सालीं मान्य केलेल्या व १९७२ सालीं भर घातलेल्या नियमांप्रमाणें अशा शब्दांचें शेवटचें अक्षर दीर्घ लिहावयाचें असतें. जुने उतारे मूळाप्रमाणें छापावेत अशी मोकळीकही त्याच नियमांत आहे; पण तिची रेघ पद्यासाठीं केशवसुतांपाशीं व गद्यासाठीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांपाशीं ओढली आहे. त्यांच्या पूर्वीचें मूळाप्रमाणें, नंतरचें नव्या नियमांप्रमाणें.

शास्त्रीबुवांची निबंधमाला १८७४ सालीं निघूं लागली. तेथें रेघ धरली तर १८७३ सालची 'गुलामगिरी' मूळाप्रमाणें छापावयाची आणि त्याच लेखकाचा १८८३ सालचा 'असूड' मात्र सुधारून! ज्या शास्त्रीबुवांनीं निबंधमालेंत जोतीरावांच्या भाषेची टर उडविली, त्यांच्याच नांवाची रेघ जोतीरावांचे ग्रंथ दुभंगून जाते, हा योग मौजेचा आहे. नियम करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांच्या क्रमिक पुस्तकांत एकसारखें लेखन असावें हें ठीकच आहे. पण जोतीरावांची ती खेड्यांतली, रांगडी मराठी जशी छापली गेली तशीच उताऱ्यांत राहिली पाहिजे. एकदां ऱ्हस्वदीर्घ सुधारण्याची संवय हाताला लागली कीं पुढें हात शब्दावर जातो, आणि मग तो कोठें थांबेल हें सांगवत नाहीं.

त्याच निबंधांत 'गुलामगिरी'मधला एक उतारा होता. त्याचा शब्दन् शब्द बरोबर होता, तरीही तो आम्ही परत केला. 'गुलामगिरी' हा धोंडीबा व जोतीराव यांचा संवाद आहे. मुलानें उचललेलें वाक्य धोंडीबाच्या तोंडचा प्रश्न होता आणि निबंधांत तें जोतीरावांचें मत म्हणून आलें होतें. म्हणून उताऱ्याच्या आधींचें एक व नंतरचें एक वाक्य वाचल्यावांचून रुजवात पुरी होत नाहीं.

आतां रीत. प्रथम कोणती आवृत्ति हातीं आहे तें पाहून तिचें साल व पान प्रुफाच्या समासांत लिहावें. जोतीरावांच्या ग्रंथांपुरतें बोलावयाचें तर धनंजय कीर व स. गं. मालशे यांनीं संपादिलेलें समग्र वाङ्मय १९६९ सालीं सरकारी साहित्य संस्कृति मंडळानें काढलें आहे. तें तालुक्याच्या वाचनालयांत मागून पहावें. दुसऱ्याच्या लेखांत दिसलेला उतारा हें मूळ नव्हे, नकलेची नक्कल आहे.

मग दोन माणसें बसावीं. एकानें मूळ ग्रंथ मोठ्यानें वाचावा. प्रूफ वाचूं नये, कारण ओळखीचें वाक्य चुकलेलें असलें तरी जीभ तें बरोबर वाचते. स्वल्पविराम, अनुस्वार, ऱ्हस्व, दीर्घ, सारें उच्चारावें. दुसऱ्यानें प्रुफांतल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीचें टोक ठेवीत जावें. वाचणारा पुढें गेला आणि पेन्सिल मागें उरली तर शब्द वाढलेला आहे. पेन्सिलीला शब्द सांपडला नाहीं तर गळलेला आहे. दुसरें माणूस नसेल तर शेवटच्या तुकड्यापासून उलट आरंभाकडे तपासीत यावें, म्हणजे पाठांतराला धांवायला वाट मिळत नाहीं. जेथें शब्द मुद्दाम गाळले असतील तेथें टिंबें आहेत कीं नाहींत तें पहावें. मूळांतच छापण्याची चूक दिसली तर ती सुधारूं नये. तशीच ठेवून शेजारीं कंसांत 'मूळांत असेंच' म्हणावें. आणि दुरुस्त्या लावून प्रूफ परत आलें कीं तेवढ्या ओळी पुन्हा ताडाव्या, कारण एक चूक काढतांना शेजारीं दुसरी पडते.

इतकें करूनही मूळ सांपडलें नाहीं तर अवतरणचिन्हें काढून टाकावीं आणि आशय आपल्या शब्दांत सांगावा. त्यांत कमीपणा नाहीं.

त्या मुलाच्या निबंधांत चार उतारे होते. ते ताडायला आम्हां दोघांना एक संध्याकाळ लागली. दोन उतारे दुरुस्त झाले, एक निघाला, एक जसाच्या तसा राहिला. शेवटीं मुलानें आपण होऊन प्रुफाच्या पायथ्याशीं लिहिलें, 'रुजवात घेतली', आणि खालीं सही केली. निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकानें ही सही करावी, आणि ती केल्यावांचून आलेला उतारा आमच्यासह कोणत्याही पत्रानें छापूं नये.