अंदाजाचा प्रारंभ

मुंबई महानगर परिसरात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होत आहेत. प्रवेशाच्या दिवसांत मुलुंड वा बोरिवलीच्या एखाद्या महाविद्यालयातील मदत-कारकुनाला चॅटवर एकच ओळ येते : 'सर, फॉर्म दिसतो पण छापता येत नाही.' विद्यार्थी मोबाइलवर आहे की संगणकावर, याचा सुगावा नाही. कारकून स्वतः संगणकापुढे बसलेला असल्याने 'Ctrl+P दाबा' असे लिहून मोकळा होतो. विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल असेल, तर ती कळ त्याच्यापाशी नसतेच.

खूण नसेल तेव्हा आपल्या टेबलावरून नव्हे, विचारणाऱ्यांच्या बहुसंख्येवरून आरंभ करावयाचा असतो. देशातील शंभर इंटरनेट-जोडण्यांपैकी पंचाण्णवच्या आसपास बिनतारी आहेत आणि २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शंभरांतील जेमतेम अकरा घरांत संगणक आढळला होता. जोडणी म्हणजे उपकरण नव्हे, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. घरच्या वायफायवरही मुले मोबाइलच वापरतात.

पुढे एखादी खूण मिळाली, तर तिचे वजन कसे करावे? समजा, शंभर विचारणाऱ्यांत नव्वद मोबाइलवर व दहा संगणकावर आहेत. आता एक लांबलचक, नीट परिच्छेद पाडलेला संदेश आला. असे लिहिणे संगणकाचे लक्षण, असे कारकुनाला वाटते. संगणकावरील दहांपैकी पाच जण तसे लिहीत असतील आणि मोबाइलवरील दर दहांत एकच, तरी नव्वदांतून नऊ जण निघतात. म्हणजे असे चौदा संदेश आले, तर त्यांतले नऊ मोबाइलवरूनच! खूण खरी होती, पण मूळच्या बहुसंख्येपुढे ती तोकडी पडली. 'माउस चालत नाही' हा शब्दप्रयोग निराळा. नव्वदांतील एखादाच तो करील, दहांतील पाच करतील. येथे अंदाज तत्काळ बदलावा.

बहुसंख्या कोणाची, हाही प्रश्न उरतोच. घाटकोपरच्या सायबर कॅफेत बसून एकटा मालक चाळीस मुलांचे अर्ज भरत असेल, तर त्याच्याकडून येणाऱ्या प्रश्नांना विद्यार्थ्यांचे प्रमाण लागू पडत नाही. अंधेरीच्या सीप्झमधील कर्मचाऱ्यांची शंका भर दुपारी कार्यालयातून आली, तर तेथेही गणित फिरते. त्याची चाहूल उत्तरांतूनच लागते. 'तो पर्याय कुठेच दिसत नाही' असे दोन-तीन जणांनी लागोपाठ कळविले, की गृहीत प्रमाणच तपासावे.

तूर्त त्या कारकुनाने 'उजवीकडील तीन ठिपके दाबा, तेथे छपाईचा पर्याय असेल, नसेल तर ‘शेअर’मध्ये पाहा' असे लिहावे. क्रोम ब्राउझरमध्ये हे तीन ठिपके मोबाइलवरही आहेत, संगणकावरही.