विनिमय दर भाव बांधत नाही, रूपांतराचा हक्क बांधतो

दोन देशांत नोंदलेल्या कंपनीच्या शेअरबद्दल एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. न्यूयॉर्कचा डॉलरमधला भाव घ्यावा, रुपयाच्या दराने गुणावे, की मुंबईचा भाव येतो. दोन्ही भाव एकमेकांजवळ राहतात ते विनिमय दरामुळे. याच समजुतीच्या पोटात आणखी दोन समजुती वाढतात. एक अशी, की रात्री न्यूयॉर्कमध्ये एडीआर वधारली म्हणजे सकाळी मुंबईत घेतलेला शेअर नफा देणारच. आणखी एक अशी, की एडीआर डॉलरमध्ये असल्याने ती धरणाऱ्याला रुपयाच्या घसरणीची झळ लागत नाही. माझ्या मते या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांतली पहिली चूक उरलेल्या दोघींची आई आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचे श्रेय देऊ. गुणाकार बहुतेक दिवशी जुळतो, हे खरे आहे. इन्फोसिसची एक एडीआर म्हणजे एक शेअर. मुंबईत शेअर 1,500 रुपयांना आणि डॉलर 85 रुपयांना आहे असे धरले, तर न्यूयॉर्कचा भाव 17.65 डॉलरच्या आसपास असायला हवा आणि तो बहुधा तिथेच सापडतो. पण गुणाकार जुळतो म्हणून तो जुळवण्याचे काम विनिमय दर करतो, असे सिद्ध होत नाही. दर हे मोजमाप आहे. मोजपट्टीने दोन भिंतींतले अंतर कळते, भिंती जवळ येत नाहीत.

याचा पुरावा इन्फोसिसच्याच इतिहासात आहे. पुण्यात 1981 साली सुरू झालेली ही कंपनी मार्च 1999 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेली. पुढच्याच वर्षी, मार्च 2000 मध्ये, तिच्या एडीआरचा रुपयांतला भाव मुंबईच्या भावाच्या दुपटीच्याही वर गेला होता. कंपनी एक, नफा एक, लाभांश एक. रुपया-डॉलरचा दरही रोज सर्वांपुढे होता. दर भाव बांधत असता, तर त्या दिवसांत तो कुठे गेला होता?

दर जागेवरच होता. नव्हता तो रूपांतराचा रस्ता. त्या काळी एडीआर मोडून मुंबईचे शेअर घेता येत, पण मुंबईत शेअर विकत घेऊन त्यांच्या एडीआर करता येत नसत. अमेरिकेत मागणी कितीही वाढली तरी तिथे नवा माल पोहोचत नव्हता, म्हणून भाव चढत राहिला. फेब्रुवारी 2002 मध्ये रिझर्व्ह बँकेने उलटा रस्ताही उघडला, पण मर्यादा घालून: पूर्वी जितक्या एडीआर मोडून त्यांचे शेअर भारतात विकले गेले असतील, तितक्याच पुन्हा तयार करता येतील. सुरुवातीला ही मोकळी जागा थोडीच होती, त्यामुळे प्रीमियम एका दिवसात गेला नाही. मग कंपनीनेच भारतातल्या भागधारकांना आपले शेअर एडीआरच्या रूपात अमेरिकेत विकण्याची संधी दिली. अशी विक्री 2003, 2005 आणि 2006 मध्ये झाली, आणि 2006 च्या एकाच विक्रीत तीन कोटी एडीआर बाजारात आल्या. पुरवठा पोहोचला तसा प्रीमियम ओसरत गेला. या काळात रुपया वरखाली होतच होता. फरक मिटवला तो वाढलेल्या पुरवठ्याने.

कोणी म्हणेल, तो काळ तंत्रज्ञान कंपन्यांच्या वेडाचा होता, त्यावरून नियम कसा काढायचा? मग एचडीएफसी बँकेकडे पाहा. तिच्या एका एडीआरमागे तीन शेअर आहेत, म्हणजे गुणाकारानंतर तीनने भागायला विसरायचे नाही. भारतातल्या खासगी बँकेत परदेशी मालकीची कमाल मर्यादा 74 टक्के आहे आणि एडीआर त्यात धरल्या जातात. ही बँक कितीतरी वर्षे त्या मर्यादेला टेकून होती. परदेशी गुंतवणूकदाराला मुंबईत शेअर घेण्याची मनाई, नव्या एडीआर काढायला जागा नाही, म्हणून ज्याला बँक हवीच होती त्याने न्यूयॉर्कमध्ये जास्तीचा भाव मोजला. फेब्रुवारी 2017 मध्ये ही मनाई उठली, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुंबईत परदेशी खरेदीची झुंबड उडाली, भाव उसळला आणि त्याच दिवशी मर्यादा पुन्हा भरली.

आता या दोन कंपन्या शेजारी ठेवा. एकाच काळात, एकाच बाजारात, रुपया-डॉलरचा अगदी तोच दर. तरीही इन्फोसिसचे दोन भाव जवळजवळ चिकटलेले होते आणि एचडीएफसी बँकेच्या भावांत ठळक अंतर होते. दोघींना दर सारखाच लागू असताना निकाल वेगळे येतात, याचा अर्थ कारण दरात नाही. चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. एकाच कंपनीचे शेअर शांघाय आणि हाँगकाँगमध्ये नोंदलेले आहेत, पण एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. शांघायचा भाव अनेक कंपन्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चढाच राहिला आहे.

मग भाव बांधले जातात कसे? वरच्याच आकड्यांवर उदाहरण सोडवू. मुंबईत 1,500 रुपये, डॉलर 85 रुपये, पण न्यूयॉर्कमध्ये एडीआर 17 डॉलरवर उतरली आहे, म्हणजे 1,445 रुपये. फरक 55 रुपयांचा. एखादी परदेशी संस्था न्यूयॉर्कमध्ये एडीआर घेते आणि डिपॉझिटरी बँकेकडे जमा करते. ती बँक एडीआर रद्द करून भारतातल्या कस्टोडियनला कळवते. मूळ शेअर त्याच्याकडेच ठेवलेले असतात. ते संस्थेच्या डिमॅट खात्यात येतात आणि मुंबईत विकले जातात. डिपॉझिटरी बँकेची फी साधारणपणे एडीआरमागे 5 सेंटपर्यंत, म्हणजे सव्वाचार रुपये. विक्रीवरचा रोखे व्यवहार कर दीड रुपया. त्यावर दलाली आणि नफ्यावरचा कर. शिवाय मधल्या दिवसांत भाव किंवा रुपया हलण्याची जोखीम असते. हे सारे वजा करूनही बरेच उरत असेल, तर अशा संस्था तुटून पडतात. न्यूयॉर्कमध्ये खरेदी वाढते, मुंबईत विक्री वाढते आणि अंतर आटते. ते शून्यावर येत नाही. खर्च आणि जोखीम भरून निघेनाशी झाली की तिथे थांबते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. एडीआर स्वस्त असेल तर ती मोडण्याचा रस्ता उघडा असतो, म्हणून डिस्काउंट फार टिकत नाही. एडीआर महाग असेल तर नवी काढायला वरची मोकळी जागा लागते, म्हणून प्रीमियम वर्षानुवर्षे टिकू शकतो. दोन्ही बाजूंचे कुंपण सारख्या उंचीचे नाही. भारतीय एडीआरच्या इतिहासात मोठी अंतरे बहुधा प्रीमियमच्याच बाजूला का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. विनिमय दराच्या सिद्धांताकडे त्याचे उत्तर नाही.

आता दुसरी समजूत, रात्रीच्या एडीआरवरून सकाळी नफा. मुंबईचा बाजार दुपारी साडेतीनला मिटतो, न्यूयॉर्कचा आपल्या वेळेप्रमाणे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो. दोन्ही बाजार एका क्षणीही एकत्र चालू नसतात. म्हणून रात्री दिसणारे अंतर पुष्कळदा फक्त शिळ्या भावाशी ताज्या भावाची तुलना असते. एप्रिल 2023 पाहा. इन्फोसिसने 13 तारखेला, गुरुवारी, मुंबईचा बाजार मिटल्यावर तिमाही निकाल जाहीर केले. ते निराशाजनक होते. त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये एडीआर जोरात कोसळली. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. मुंबईच्या फलकावर तीन दिवस गुरुवारचाच सुमारे 1,390 रुपयांचा भाव होता. त्या दिवसांत गुणाकार करणाऱ्याला एडीआर फार मोठ्या डिस्काउंटवर दिसली असती. पण ते अंतर कमावता येण्याजोगे नव्हते, कारण 1,390 ला विकत घेणारा कोणीच उरला नव्हता. सोमवारी बाजार उघडताच शेअर खालीच उघडला आणि दिवसअखेर नऊ टक्क्यांहून अधिक घसरून 1,260 च्या आसपास थांबला. ज्याने पहिल्या सौद्यात भाग घेतला, त्याला नवाच भाव मिळाला. रात्रीची बातमी सकाळच्या पहिल्या भावात आधीच बसलेली असते.

तिसरी समजूत न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या आपल्या मंडळींना विशेष भोवते. कंपनीच्या नोकरीमुळे किंवा आपुलकीमुळे ते एडीआर धरतात आणि आपली गुंतवणूक डॉलरमध्ये आहे असे मानतात. एडीआरचा भाव डॉलरमध्ये लिहिलेला असतो एवढेच. आत असतो तो मुंबईचा शेअर. मुंबईत 1,500 चा भाव तसाच राहून डॉलर 85 वरून 90 रुपयांवर गेला, तर एडीआर 17.65 वरून 16.67 डॉलरवर येते. लाभांशही रुपयांत जाहीर होऊन त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये बदलला जातो. इन्फोसिसपुरता थोडा आधार आहे: तिचे बहुतांश उत्पन्न परदेशी चलनात आणि पगाराचा मोठा भाग रुपयांत, म्हणून रुपया पडला की नफा वाढण्याची आशा मुंबईचा भाव वर ढकलते आणि एडीआरची घसरण थोडी भरून निघते. एचडीएफसी बँकेची कमाई रुपयांत असल्याने तिच्या एडीआरला हा आधार नाही. संरक्षण मिळाले तर ते कंपनीच्या धंद्यातून मिळते, एडीआरवर छापलेल्या डॉलरच्या चिन्हातून कधीच नाही.

म्हणून माझा पक्ष असा. दोन देशांतले भाव जवळ ठेवते ती एका कागदाचा दुसरा कागद करून घेण्याची मोकळीक. किती जवळ, हे रूपांतराचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ ठरवतो. विनिमय दर या हिशेबात आवश्यक आहे, पण तो फक्त आकडा पुरवतो. हे मान्य केले की तपासणीची रीतही बदलते. अंतर दिसले तर आधी एका एडीआरमागे किती शेअर, हे पाहावे. मग दोन्ही भाव आणि दर एकाच वेळचे आहेत का, हे पाहावे. तरीही खर्चापेक्षा मोठे अंतर आठवडेच्या आठवडे टिकले, तर कोणता रस्ता बंद आहे, हे शोधावे. परदेशी मालकीची मर्यादा भरली आहे की नव्या एडीआरची मोकळी जागा संपली आहे, हे कळल्याशिवाय त्या अंतरावर पैसे लावू नयेत. प्रीमियमवर एडीआर घेणाऱ्याने तर हे जरूर विचारावे, कारण तो रस्ता उद्या उघडला तर जास्तीचा मोजलेला भाव त्याच्याच खिशातून जाईल.

आपल्या वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांकडून माझी मागणी आहे, की एडीआरचा भाव आणि टक्केवारी छापताना प्रमाण, प्रीमियम आणि रूपांतराला उरलेली जागाही छापावी. नुसता डॉलरचा भाव वाचकाला गुणाकार शिकवतो आणि निर्णयाच्या वेळी एकटे सोडतो.