‘रिटर्न भरलं’ म्हणून सांगितलंत, आणि आकडा तुमचाच चुकला होता

मागच्या व्हिडिओत आपण जीएसटीच्या तारखा बघितल्या. आज त्याच तारखांमधला एक नाजूक कोपरा बघू. तुमच्यापैकी बरेच जण अजून नोकरीत आहेत, कुणाच्या तरी दुकानात, वर्कशॉपमध्ये, डिस्ट्रिब्युटरकडे. काम शिकताय, पुढे स्वतःचं काढायचंय. काम केलं, साहेबांना ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि सहा दिवसांनी कळलं की त्यात आपणच घोळ घातलाय. अशा वेळी काय करायचं, याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. बहुतेक लोक जे सांगतात त्याच्या ते उलट आहे.

उदाहरण घेऊ. एक फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. दर महिन्याला रिटर्न भरतं, तीन महिन्यांनी भरणाऱ्यांपैकी नाही. बिलं अजून छापील बिलबुकात हातानेच होतात आणि नंतर टॅलीत चढवली जातात. चढवण्याचं काम तुमचं. एका ग्राहकाला लोखंडी रॅक बनवून दिले, बिल 84,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 15,120. एकूण 99,120. बिलबुकात हे सगळं बरोबर आहे. टॅलीत मात्र तुमच्या हातून 48,000 पडले. त्यावरचा टॅक्स 8,640. तोच आकडा GSTR-1 मध्ये गेला. 10 तारखेला रिटर्न भरलं गेलं, तुम्ही साहेबांना मेसेज टाकला, त्यांनी अंगठा दाखवला. विषय संपला.

16 तारखेला ग्राहकाचे 99,120 बँकेत आले. टॅलीत त्याच्या नावावर येणं आहे फक्त 56,640. म्हणजे 42,480 जास्त आले.

आता लक्ष द्या, कारण खरा प्रश्न इथे सुरू होतो. टॅलीत रक्कम जमा करताना ती कोणत्या बिलापोटी आली हे विचारलं जातं. 56,640 त्या बिलासमोर टाकायचे आणि उरलेल्यांना `On Account` किंवा `Advance` करून मोकळं व्हायचं, हा रस्ता तिथे उघडाच असतो. खातं जुळतं, स्क्रीनवर लाल काही दिसत नाही. मी कितीतरी छोट्या व्यवसायांच्या वह्या बघितल्यात आणि सांगतो, मार्चअखेरीला जे ‘ऑन अकाउंट’चे ढीग सापडतात, त्यातला बराच भाग असा कुणीतरी गप्प बसण्यातून तयार झालेला असतो. कोणी पैसे खाल्लेले नसतात. फक्त कुणाला तरी सांगायची लाज वाटलेली असते.

ते करू नका. आधी फरक काढा. 84,000 वजा 48,000, म्हणजे 36,000. याला 9 ने भाग जातो. दोन आकडे उलटे टाइप झाले की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो, जुने मुनीम ही युक्ती वापरायचे. भाग गेला म्हणजे तीच चूक झाली असं सिद्ध होत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं. मग बिलबुक उघडा, कागदावरचं बिल आणि टॅलीतलं व्हाउचर शेजारी ठेवा. पाच मिनिटांत खात्री होते.

आणि आता, काहीही दुरुस्त करायच्या आधी, साहेबांकडे जा.

इथे बरेच जण मला विरोध करतात. म्हणतात, ‘सर, आधी दुरुस्त करावं, मग सांगावं. मालकाला प्रॉब्लेम नको, सोल्युशन पाहिजे.’ ऐकायला छान वाटतं. पण काम एकदा ‘झालं’ म्हणून दिलं की त्यातला आकडा तुमच्याकडे राहत नाही, तो बाहेर पडतो. साहेबांचं बँकेत कॅश क्रेडिट असेल तर दर महिन्याला स्टॉक आणि येणेबाकीचं स्टेटमेंट जातं. त्या महिन्याचं गेलं असेल तर त्यात हा ग्राहक 42,480 नी कमी दिसलाय. सीएकडे विक्रीचा आकडा गेला असेल. ग्राहकाशी पुढच्या ऑर्डरचं बोलणं चालू असेल. आकडा कुठे कुठे पोचला हे साहेबांना माहीत असतं, तुम्हाला नसतं. तुम्ही टॅलीत गुपचूप 84,000 केलेत की तुमचं एक ठिकाण बरोबर झालं आणि बाकी सगळीकडे जुना आकडा फिरत राहिला. शिवाय आता दोन आकडे झाले, आणि कोणता कधी बदलला हे फक्त तुम्हाला ठाऊक.

दुसरी गोष्ट, जीएसटीत ही दुरुस्ती गुपचूप होतच नाही. दुरुस्ती म्हणजे पोर्टलवर पुन्हा एक फॉर्म भरणं, आणि तो फाइल करताना ओटीपी किंवा डिजिटल सही लागते. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो. मग काही हुशार मंडळी फोन करतात, ‘साहेब, एक ओटीपी येईल, जरा सांगा ना.’ साहेब गडबडीत सांगूनही टाकतात. हे मला चुकीपेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. चूक हाताची होती, हे मात्र डोक्याने केलेलं. कशासाठी सही करतोय हे न सांगता तुम्ही त्यांची सही घेतलीत.

सांगायचं कसं? थोडक्यात. ‘सॉरी’चं लांबलचक पुराण लावू नका, कारण मग साहेबांना आकड्यांऐवजी तुमची समजूत काढत बसावं लागतं. असं म्हणा: ‘साहेब, 10 तारखेला भरलेल्या रिटर्नमध्ये माझ्याकडून एक चूक झालीय. रॅकच्या बिलाचे 84,000 ऐवजी 48,000 टाकले. टॅक्स 6,480 ने कमी दाखवला गेलाय. 3B अजून भरायचंय, त्याआधी दुरुस्त होतं. हा आकडा तुम्ही बँकेला किंवा सीएंना दिलाय का?’ बस. ‘माझ्याकडून’ हा शब्द एकदाच, पहिल्याच वाक्यात. ‘टॅलीत चूक झाली’, ‘एंट्री चुकली’ असली वाक्यं मराठीत फार सोयीची आहेत, त्यांना कर्ताच नसतो. साहेब विचारणारच, ‘कोणी केली?’ मग दुसऱ्यांदा कबूल करण्यापेक्षा पहिल्यांदाच सांगितलेलं बरं. शेवटचा प्रश्नही विसरू नका, त्यासाठीच तर आधी जायचं.

रागावतील का? कदाचित. रागावू देत. फक्त त्या वेळी ‘सात-आठ बिलं एकदम आणून दिली होती’ हे काढू नका. ते खरं असेल तर चार दिवसांनी, दुरुस्ती झाल्यावर, वेगळं बोला. ती कामाच्या पद्धतीबद्दलची तक्रार आहे आणि तिला वजन आहे. चुकीला जोडून सांगितलीत की ती फक्त सबब वाटते.

आता दुरुस्ती. मासिक रिटर्नवाल्यांना GSTR-1 भरायची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख, आणि GSTR-3B ची 20. या दोन्हींच्या मधल्या जागेसाठी 2024 च्या जुलैच्या रिटर्नपासून GSTR-1A नावाचा फॉर्म आलाय. GSTR-1 भरून झालंय पण त्याच महिन्याचं 3B अजून भरलेलं नाही, तेवढ्या काळात चुकलेलं बिल यात दुरुस्त करता येतं. 16 तारीख आहे, म्हणजे दार उघडं आहे.

पण हा फॉर्म एका महिन्यासाठी एकदाच भरता येतो. त्यामुळे घाईने तेवढंच एक बिल सुधारून फाइल करू नका. साहेबांकडे अर्धा दिवस मागा, त्या महिन्याचं सगळं बिलबुक घ्या आणि प्रत्येक कागदी बिलासमोर टॅलीतला आकडा बघून टिक मारत जा. शेजारी दुसऱ्या कुणाला तरी बसवा. ज्याने एंट्री केली त्याचे डोळे तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतात. या तपासणीत एखाद्या ग्राहकाचा जीएसटी नंबरच चुकलेला सापडला तर तो 1A मध्ये बदलता येत नाही, तो पुढच्या महिन्याच्या GSTR-1 मध्ये दुरुस्त करावा लागतो. तोही साहेबांना आजच सांगून ठेवा.

टॅलीत मूळ व्हाउचर 84,000 चं करा आणि खाली शेऱ्यात तारखेसह लिहा की रक्कम बिलाप्रमाणे सुधारली. इथे डेबिट नोट लागत नाही, कारण ग्राहकाच्या हातातलं बिल पहिल्यापासून बरोबरच होतं. बिलच कमी रकमेचं दिलं असतं तर ती लागली असती. 1A फाइल झाल्यावर 3B उघडून बघा, टॅक्स 6,480 ने वाढलेला दिसला पाहिजे. तो वाढल्याशिवाय पैसे भरायला जाऊ नका.

समजा 3B पण भरून गेलं आणि मग कळलं. तरी आभाळ कोसळत नाही. पुढच्या महिन्याच्या GSTR-1 मध्ये दुरुस्तीचं टेबल असतं, तिथे बिल सुधारायचं, आणि कमी भरलेल्या टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज द्यायचं. 6,480 वर महिनाभराचं व्याज होतं साधारण 96 रुपये. हा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण पोरं घाबरून जी लपवाछपवी करतात ती बहुतेक वेळा 96 रुपयांसाठी असते. पण अशी दुरुस्तीही कायम करता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. ‘ऑन अकाउंट’मध्ये गाडलेली चूक नेमकी त्यानंतर वर येते.

तुमच्यापैकी जे आज मालक आहेत त्यांच्यासाठी एकच. पोरगा सांगायला आला की पहिला प्रश्न ‘आधी का नाही बघितलंस?’ हा विचारू नका. ‘कुठलं बिल, किती फरक, कधीपर्यंत सुधारता येतं?’ हे विचारा. रागवायचं असेल तर 20 तारखेनंतर रागवा. ओटीपी मात्र त्याने कितीही चांगलं काम केलेलं असलं तरी कशासाठी ते ऐकल्याशिवाय देऊ नका.

राहिला ग्राहक. त्याच्या पोर्टलवर 14 तारखेला GSTR-2B तयार झालंय, त्यात तुमच्या बिलाचं क्रेडिट 8,640 च दिसतंय. तुम्ही 1A भरलंत तरी उरलेले 6,480 त्याला या महिन्यात मिळत नाहीत, ते पुढच्या महिन्याच्या 2B मध्ये येतात. त्याने तर पैसे पूर्ण दिलेत. म्हणून साहेबांना विचारून त्याच दिवशी त्याच्या अकाउंट्सवाल्याला फोन करा: आमच्याकडून तुमच्या बिलाची रक्कम रिटर्नमध्ये कमी गेली होती, आज सुधारली, 6,480 चं क्रेडिट पुढच्या महिन्यात दिसेल. आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेला त्याला परत फोन करून विचारा, दिसलं का. त्याचं 2B तुम्हाला तुमच्या स्क्रीनवर दिसत नाही, तो ‘हो’ म्हणाला की मगच हे काम झालं असं साहेबांना सांगा.