परभणीच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र : बाळासाहेब आधी की बासित?

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी,
परभणी



परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. कुठल्याही साध्या संगणक-प्रोग्रॅमला ते अकारविल्हे लावायला सांगितले, तर यादी अशी येते : गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू, सोनपेठ. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिहिली असती तरी याच क्रमाने लिहिली असती. जिल्ह्यातल्या चार विधानसभा मतदारसंघांचेही तसेच. गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी; कुठे काना-मात्रेचीही चूक नाही. सरकारी कचेरीत संगणकाच्या क्रमावर कुणी शंका घेत नाही, त्याचे एक कारण हेच असावे. रोजच्या याद्या बरोबर येतात.

घोटाळा माणसांच्या नावांत होतो. एक छोटी चाचणी कार्यालयातला कुणीही तांत्रिक सहायक मिनिटभरात करू शकेल.

```
naave = ["कासार", "काळे", "काशीद", "कावळे"]
print(sorted(naave))
```

उत्तर येते : काळे, कावळे, काशीद, कासार. मराठी वर्णमालेप्रमाणे हवे होते : कावळे, काशीद, कासार, काळे. म्हणजे ज्या काळ्यांनी शेवटी बसायचे ते पहिल्या पाटावर.

असे का होते? संगणकाला अक्षर ओळखता येत नाही, त्याला प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ठाऊक असतो. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५, ल चा २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७, स चा २३६० आणि ह चा २३६१. दोन नावे आली की प्रोग्रॅम डावीकडून एकेक चिन्ह जोडीने पाहतो. ‘काळे’ आणि ‘कासार’ यांत क सारखा, काना सारखा. तिसऱ्या जागी २३५५ आणि २३६० समोरासमोर येतात, लहान आकडा जिंकतो आणि तुलना तिथेच थांबते. पुढे काय लिहिले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

ळ ला ल च्या शेजारी कुणी बसवला, याला इतिहास आहे. युनिकोडचा देवनागरी विभाग ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर, तिच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. इस्कीने देशातल्या अनेक लिप्यांसाठी एकच आराखडा धरला. त्या आराखड्यात ल आणि ळ हे जवळचे उच्चार शेजारीशेजारी आले. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ लागतच नाही, त्यामुळे हिंदी याद्यांना त्याची झळ बसली नाही. मराठी वर्णमालेत मात्र ळ ची जागा ह च्या नंतर आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हाही ती तिथेच राहिली.

त्या आराखड्याला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. स्वर आधी, मग व्यंजने, मग मात्रा आणि त्यांच्या मागे हलन्ताचे चिन्ह अशी त्याची रचना आहे. म्हणून ‘कमल’ ‘काशी’च्या आधी येते आणि ‘कृष्णा’, ‘कौतिक’ होऊन गेल्यावर ‘क्रांती’चा नंबर लागतो. कोशातही तसेच असते. बहुतांश क्रम न सांगताच जुळतो, म्हणून जिथे जुळत नाही तिथे डोळा फसतो.

हे पत्र शब्दकोशकारांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ३८. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की निवडणूक निर्णय अधिकारी लढणाऱ्या उमेदवारांची यादी, म्हणजे नमुना ७-अ, प्रसिद्ध करतात. त्यात आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष. प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे. यादी मराठीत असेल तर वर्णानुक्रम मराठीचाच हवा, हे उघड आहे. पण ळ कुठे, ज्ञ कुठे, अनुस्वार कुठे, हे त्या कलमात लिहिलेले नाही. मतदान यंत्रावरची नावे याच यादीच्या क्रमाने लागतात, आणि एका बॅलट युनिटवर सोळाच बटणे असतात.

आता एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. पक्षांचे मिळून बारा उमेदवार आहेत आणि त्यांच्यामागे दहा अपक्ष. सोयीसाठी अपक्षांची फक्त पहिली नावे पाहू. निव्वळ चिन्हक्रमांकांवर लावलेली यादी अशी येईल : जयश्री, ज्ञानोबा, बालाजी, बाळासाहेब, बासित, संजय, सखाराम, सोपान, हनुमंत, ॲना. बारा पक्षवाले धरले तर बाळासाहेब सोळावे, म्हणजे पहिल्या यंत्राच्या शेवटच्या बटणावर.

ळ ला त्याच्या जागी नेले की बासित पुढे आणि बाळासाहेब मागे. शिवाय शेवटी पडलेली ॲना उठून थेट पहिली येते, कारण ॲ हा स्वर आहे आणि स्वरांची जागा व्यंजनांच्या आधी. यादी होते : ॲना, जयश्री, ज्ञानोबा, बालाजी, बासित, बाळासाहेब, संजय, सखाराम, सोपान, हनुमंत. बाळासाहेब आता अठरावे. ते दुसऱ्या यंत्रावर गेले. ‘सोळा नंबर, पहिल्या मशिनीचं खालचं बटण’ असा प्रचार करायचा की ‘दुसऱ्या मशिनीवर दोन नंबर’, एवढा हा फरक आहे. गावोगाव नमुना मतपत्रिका वाटणाऱ्या कार्यकर्त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

ॲना ह च्याही मागे का पडली? ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आले. स्वरांच्या रांगेत जागा शिल्लक नव्हती, म्हणून त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. सगळी व्यंजने आणि मात्रा संपल्यानंतरचा. त्यातही एक खोच आहे. काही टंकलेखक ॲ हे एकसंध चिन्ह उमटवतात, तर काही अ लिहून त्यावर चंद्र देतात. छापील कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण चिन्हक्रमांकांच्या यादीत पहिले नाव अगदी तळाला जाते आणि दुसरे अ च्या घरात, वरच्या टोकाला. वकिलांच्या यादीत प्रत्येक नावाआधी ‘ॲड.’ लिहिले असेल, तर अर्धे वकील वर आणि अर्धे खाली, अशी फाळणी होऊ शकते. ‘कुऱ्हाडे’मधल्या ऱ्ह चेही असेच. तो ऱ पासून घडवता येतो आणि साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही घडवता येतो. त्या दोन रूपांत क्रम फारसा हलत नाही, पण एकच नाव दोन वेगळी नावे ठरते. दुबार नोंदी शोधायला बसलेल्या प्रोग्रॅमला ती सापडत नाहीत, आणि नागरिकाने शोधखिडकीत नाव टाकले की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते.

इथवर जे सांगितले त्यात मतभेदाला जागा नाही. ती ज्ञानोबा आणि संजय यांच्यापाशी सुरू होते.

शाळेच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात. त्या हिशोबाने ज्ञानोबा हनुमंताच्याही मागे, दहाव्या जागी जातात. अनेक कोश मात्र ज्ञ ला ज च्या पोटात घेतात, कारण तो ज आणि ञ यांचा जोड आहे. युनिकोडही ते जोडाक्षर मानूनच लिहिते, त्यामुळे निव्वळ आकड्यांच्या क्रमातही ज्ञानोबा जयश्रीच्या मागोमाग राहतात. अनुस्वाराचा पेच तर याहून मोठा, कारण संजय, संतोष, संदीप, संभाजी ही नावे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बाराखडीत सं येतो सौ च्या नंतर, म्हणजे संजय सोपानच्या मागे. आकड्यांत अनुस्वाराचा क्रमांक २३०६, सगळ्या स्वरव्यंजनांपेक्षा लहान. म्हणून संजय सखारामच्याही पुढे. बऱ्याच कोशांतही अनुस्वाराचे शब्द असेच अगोदर येतात.

या दोन्ही ठिकाणी कोशाची रीत धरावी, असे या पत्राचे मत आहे. जोडाक्षर त्याच्या पहिल्या व्यंजनाखाली शोधायची सवय मराठी वाचकाला आहेच. क्र, त्र, श्र तो तसेच शोधतो, मग ज्ञ लाच वेगळा न्याय का? कुणी शाळेच्या तक्त्याच्या बाजूने उभे राहिले तर त्याचेही चूक म्हणता येणार नाही. चूक होईल ती एका तालुक्यात तक्ता आणि दुसऱ्यात कोश वापरला गेला तर.

तांत्रिक इलाज आज हाताशी आहे. भाषांनुसार क्रम लावणाऱ्या तक्त्यांचा ‘आयसीयू’ हा संच मोफत मिळतो. माहिती पोस्टग्रेसमध्ये असेल तर चौकशीच्या ओळीत एवढेच जोडावे लागते :

```
SELECT naav FROM umedvar
ORDER BY naav COLLATE "mr-IN-x-icu";
```

लिब्रेऑफिसमध्ये यादी लावताना पर्यायांत भाषा म्हणून मराठी निवडता येते. पण ‘मराठी’ निवडले म्हणून विसंबून राहू नये. आवृत्त्या वेगळ्या असतात, आणि ज्ञ व अनुस्वाराबाबत त्या संचाने घेतलेला निर्णय आपल्या निर्णयाशी जुळेलच असे नाही. यादी लावण्याआधी प्रत्येक नाव युनिकोडच्या एकाच प्रमाणरूपात आणावे. तेवढ्यानेही अ वर दिलेला चंद्र आणि ॲ, किंवा ऱ्ह ची दोन रूपे, एक होत नाहीत. त्यांची अदलाबदल वेगळा नियम लिहूनच करावी लागते. मग वरची दहा अपक्षांची यादी त्या संगणकावर लावून पाहावी. बासित बाळासाहेबांच्या आधी आला आणि ॲना पहिली आली, तर पाया ठीक आहे असे समजावे. ज्ञानोबा आणि संजय कुठे पडले, ते हाताने तपासावे.

परभणीच्या एखाद्या यादीत अशी चूक झाली, असा या पत्राचा दावा नाही. उमेदवारांची यादी जाणकार कारकून हाताने तपासतात, आणि पाचदहा नावांत नजर चुकत नाही. अपक्षांची गर्दी झाली आणि वेळ थोडा राहिला, की भिस्त संगणकावर जाते.

म्हणून विनंती दोनच गोष्टींची. पुढच्या निवडणुकीआधी जिल्ह्याच्या निवडणूक शाखेने मराठी नावांच्या क्रमाचा एक पानी नियम तयार करावा. त्यात ळ, ॲ, क्ष, ज्ञ, अनुस्वार आणि ऱ्ह यांच्या जागा उदाहरणांसह लिहाव्यात आणि मान्यतेसाठी तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवावा. मान्यता मिळाली की तो उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावा, म्हणजे नमुना ७-अ लागण्याआधीच आपला नंबर कुठे येईल हे त्याला स्वतः ताडून पाहता येईल.

कळावे,
परभणीतील एक मतदार